लाल पट्टीच्या पलीकडे

गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर काटा लाल पट्टीपाशी जाऊन थरथरतो आणि इंजिन अडखळत गुरगुरतं. तो बिघाड नसतो, इंजिन स्वतःला वाचवत असतं.

मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह ५० वेळा उघडून मिटतो आणि त्याला मिटवते ती फक्त एक स्प्रिंग. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. फेरे दुप्पट झाले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो.

म्हणून ईसीयू क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीचे दात सेन्सरने मोजत राहतो. मर्यादा आली की इंजेक्टर बंद, फेरे थोडे उतरले की पुन्हा चालू. ती गुरगुर त्याचीच. ठिणगी तोडण्यापेक्षा इंधन तोडणं बरं, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापवतं.

पण एका चुकीपुढे ईसीयू हतबल असतो. समजा, पाचव्या गिअरमध्ये ३५०० फेरे आहेत. चौथा टाकायचा होता, हात दुसऱ्यावर गेला. दोन्हींच्या गुणोत्तरात अडीच पटींचा फरक असेल, तर क्लच सोडताच ८७५० फेरे! लाल पट्टी ६५०० ला. इंधन केव्हाच बंद झालेलं असतं, पण आता इंजिनाला चाकं फिरवत असतात. नंतर खडखड ऐकू आली किंवा एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरलं, तर व्हॉल्व्ह वाकल्याची शंका घ्यावी. त्या क्षणी हाती एकच उपाय असतो: क्लच पुन्हा दाबणं.