एका मीटरचा फरक: सरळ पार्किंग आणि तिरकं पार्किंग

आयताकृती मोकळ्या जागेत गाड्या लावायच्या तर त्या मार्गिकेशी काटकोनात उभ्या करायच्या की तिरक्या, हा प्रश्न चार पांढऱ्या पट्ट्यांचा वाटतो. पण त्यामुळे त्याच जमिनीत दहा-पंधरा गाड्या जास्त किंवा कमी बसतात. सर्वसाधारण समज असा की तिरकी आखणी जागा वाचवते. बहुतेक जमिनींवर हे खरं ठरत नाही. काही मोजक्या रुंदींच्या जमिनींवर मात्र ते खरं ठरतं, आणि या विषयातली सगळी गंमत त्या मोजक्या रुंदींमध्येच आहे.

हिशेबासाठी एका मोटारीची जागा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब धरू. भारतातल्या बांधकाम नियमांत हे माप सर्रास आढळतं. सुमारे पावणेचार मीटर लांबीची वॅगन आर त्यात ऐसपैस बसते, पावणेपाच मीटरची इनोव्हा जेमतेम. नियमावल्यांत गाड्यांची संख्या, दुचाकींचं प्रमाण, अपंगांसाठीच्या राखीव जागा असं बरंच काही असतं. इथे प्रश्न फक्त भूमितीचा आहे.

काटकोनी आखणीत समोरासमोर दोन ओळी आणि मधे सहा मीटरची मार्गिका असते. चालक पूर्ण ९० अंशांत वळून जागेत शिरतो, म्हणून एवढी रुंदी लागते. ५ + ६ + ५ असा १६ मीटरचा हा एक संच, आणि त्यात दर अडीच मीटरला दोन गाड्या. म्हणजे एका गाडीच्या वाट्याला मार्गिका धरून २० चौरस मीटर. शिवाय मार्गिका सहा मीटरची असल्याने वाहतूक दोन्ही दिशांनी चालते.

गाड्या ६० अंशांत कलल्या की वळण कमी लागतं आणि मार्गिका साडेचार मीटरवर भागते, मात्र ती एकेरी होते. इथवर बचतच दिसते. पण तिरक्या गाडीला मार्गिकेच्या कडेवर २.५ ऐवजी २.८९ मीटर लागतात, आणि ओळीची खोली ५ वरून ५.५८ मीटरवर जाते. प्रत्येक गाडीच्या नाकापुढे एक आणि शेपटीमागे एक असे दोन काटकोन त्रिकोण रिकामे राहतात, प्रत्येकी १.८ चौरस मीटरचे. क्षेत्रफळ बरंच, पण आकार असा चिंचोळा की त्यात स्कूटरही नीट उभी राहत नाही. दिव्याचा खांब किंवा झाड लावायला मात्र ती जागा उत्तम. हे सगळं धरलं की गाडीमागे २२.६ चौरस मीटर खर्ची पडतात. ४५ अंशांत मार्गिका ३.६ मीटरवर येते, तरी हिशेब २५ चौरस मीटरपर्यंत चढतो. मार्गिकेत वाचवलेलं सगळं त्रिकोण खाऊन टाकतात.

तरीही तिरक्या आखणीकडे एक हुकमी पत्ता आहे. शेजारच्या दोन मार्गिकांची वाहतूक उलटसुलट दिशांना ठेवली की मधल्या दोन ओळींतल्या गाड्या एकाच तिरक्या रेषेत नाकासमोर नाक येतात. दोन गाड्यांचा मिळून दहा मीटरचा एक अखंड तिरका पट्टा होतो आणि दोन ओळींमधले त्रिकोण नाहीसे होतात. ६० अंशांत या जोड-ओळीची खोली ११.१६ ऐवजी ९.९१ मीटर, म्हणजे सव्वा मीटर चक्क फुकट मिळतो. दोन्ही मार्गिका एकाच दिशेने वाहत असतील तर मात्र दोन ओळी एकमेकींशी कोन करतात आणि ही सरळ जोडणी जमत नाही. बाणांची दिशा आधी ठरवून मगच पट्टे मारायचे, ते याच कारणासाठी.

आता एक जमीन घेऊ: लांबी ६० मीटर, रुंदी ३२ मीटर, दारं आखूड बाजूला मार्गिकांच्या तोंडाशी. काटकोनी आखणीचे दोन संच इथे तंतोतंत बसतात. भिंतीलगतच्या दोन ओळींत प्रत्येकी २४ गाड्या. मधल्या दोन ओळींच्या दोन्ही टोकांना सहा-सहा मीटरची आडवी वाट सोडली की उरलेल्या ४८ मीटरमध्ये प्रत्येकी १९. एकूण ८६. तिरक्या आखणीत आडव्या वाटा साडेचार मीटरच्या पुरतात, पण ओळींची टोकं करवतीसारखी निघून वाया जातात. भिंतीलगत २० आणि मधे १६ अशा दोन-दोन ओळी, एकूण ७२. काटकोन चौदा गाड्यांनी पुढे.

आता कुंपणाची भिंत एक मीटर आत घ्या. ३१ मीटरमध्ये काटकोनाच्या चार ओळी बसत नाहीत. तीनच ओळी राहतात: २४, १९, २४, म्हणजे ६७ गाड्या, आणि चार मीटरचा पट्टा नुसता पडून. तिरक्या चार ओळींना लागतात ३०.०७ मीटर. त्या जशाच्या तशा ७२ गाड्यांसह बसतात आणि वर भिंतीलगत ठोकळे लावायला जवळपास एक मीटर उरतो. एका मीटरने काटकोनाच्या १९ गाड्या घालवल्या, तिरक्याची एकही गेली नाही.

गणितात याचं एक देखणं भावंड आहे. एकक बाजूचे पाच चौरस मोठ्या चौरसात सरळ मांडायचे तर बाजू ३ लागते; चार कोपऱ्यांत चार ठेवून पाचवा मधे ४५ अंशांत वळवला तर २.७०७ पुरते. पॉल एर्डोश आणि रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९७५ मध्ये दाखवलं की मोठ्या चौरसाची बाजू पूर्णांकाहून थोडी जास्त असेल, तर काही चौरस तिरके मांडून सरळ मांडणीपेक्षा खूपच कमी जागा वाया घालवता येते. कडेला उरलेली निरुपयोगी पट्टी तिरपेपणाने कामी आणायची, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. चौरसांना ये-जा करायची नसते, एवढाच फरक.

३१ मीटरच्या जमिनीवर आणखी दोन उपाय सुचतात. पहिला मिश्र: काटकोनाच्या तीन ओळी आणि एका भिंतीलगत रस्त्याला समांतर लावायच्या गाड्या. त्यांना रुंदी अडीच मीटर पुरते, पण प्रत्येकी सहा मीटर लांबी लागते. २४, १९, १९ आणि १० मिळून पुन्हा ७२ होतात. संख्या तीच, पण समांतर जागेत गाडी रिव्हर्स घेऊन घालताना मागची रांग थांबून राहते, म्हणून वर्दळीच्या जागी तिरकी आखणीच निवडावी. दुसरा उपाय फसवा आहे: दोन्ही मार्गिका साडेपाच मीटरच्या करून ८६ गाड्या कागदावर बसवायच्या. छोट्या गाड्या निभावून नेतात, इनोव्हाला मात्र मागेपुढे करूनच आत शिरावं लागतं. असं झालेलं ओळखू येतं: गाड्या पट्ट्यांत वाकड्या उभ्या असतात, कोपऱ्यांवरच्या गाड्यांचे बंपर खरचटलेले असतात, आणि पट्ट्यावर बसलेल्या एका गाडीमुळे शेजारची जागा रिकामी राहते.

तिरक्या आखणीचा कमकुवत दुवा म्हणजे एकेरी शिस्त. उलट दिशेने आलेल्या चालकाला जागेत शिरण्यासाठी १२० अंश वळावं लागतं, आणि साडेचार मीटरमध्ये ते एका दमात होत नाही. म्हणून जिथे पहारेकरी नाही, किंवा आत जायचं आणि बाहेर पडायचं दार एकच आहे, तिथे दोन-चार गाड्या कमी बसल्या तरी काटकोन बरा. तळघरात तर खांबांचं अंतर आधीच ठरलेलं असतं आणि ते बहुधा काटकोनी आखणीला धरून असतं. तिथे तिरक्या ओळी काढल्या की दर दोन-तीन गाड्यांआड एक खांब दरवाजाच्या आड येतो.

एखाद्या जमिनीचा अंदाज घ्यायचा तर रुंदीला १६ ने भागावं. बाकी शून्याच्या आसपास असेल तर काटकोनच. बाकी ११ किंवा थोडी जास्त असेल तरीही काटकोनच, कारण एक मार्गिका आणि एक ओळ तेवढ्यात मावते. बाकी १४-१५ च्या घरात आली की ६० अंशांची आखणी कागदावर काढून पाहावी. आणि हाच भागाकार लांबीलाही करावा, कारण ओळी आडव्या फिरवल्यावर कधीकधी तिढा तिथेच सुटतो.