चार गावं आणि कमीत कमी तार

लातूर, औसा, निलंगा, उदगीर ही चार गावं तारेनं जोडायची आहेत. हिशेबासाठी अंतरं गोल धरू: लातूर-औसा २०, औसा-निलंगा ३०, लातूर-निलंगा ५०, निलंगा-उदगीर ५५, लातूर-उदगीर ६५ किलोमीटर.

क्रुस्कल यांचा १९५६ चा नियम असा: उरलेल्यातली सगळ्यात छोटी जोडणी घ्या, पण वेढा होत असेल तर सोडा. २० घेतली, ३० घेतली. ५० सोडली, कारण लातूर-निलंगा औशावरून आधीच जोडलेत. मग ५५ घेतली. झाली १०५.

पोरं विचारतातच, "हेच स्वस्त कशावरून?"

समजा कुणी ३० ऐवजी ५० घेतली. त्याच्या आखणीत ३० टाकली की लातूर-औसा-निलंगा वेढा होतो. वेढ्यातली कुठलीही एक तार काढली तरी गावं जोडलेलीच राहतात. मग ५० काढा, २० किलोमीटर वाचले.

अशी अदलाबदल नेहमी जमते. नियमानं घेतलेली तार टाकल्यावर होणाऱ्या वेढ्यात तिच्याएवढी किंवा मोठी दुसरी तार सापडतेच. बाकी सगळ्या छोट्या असत्या तर त्यांनी ती दोन टोकं आधीच जोडली असती, नि नियमानं ही घेतलीच नसती.

मात्र लातूरहून उदगीरला तारेनं आता १०५ पडतात, थेट ६५ असताना. आणि निलंग्याच्या पुढं तार तुटली की उदगीर सुटं पडतं.