शॉट सुटला की आधी माणूस शोधा

शालेय सामन्यात शॉट हवेत गेला की दहाही मुलींच्या माना वर होतात. रिबाउंड हुकतो तो बहुधा याच क्षणी. बॉल हवेत असताना तो कुणाचाच नसतो, तेवढ्या वेळात जागा मात्र कुणीतरी पटकावते. समोरच्या मुलीला पाठीशी अडवून ही जागा राखणे म्हणजे बॉक्स आउट.

समजा, उजव्या कोपऱ्यातून शॉट गेला. असे हुकलेले शॉट बऱ्याचदा रिंगवर आपटून पलीकडे, डावीकडे पडतात. तिथली बचाव करणारी मुलगी मदतीसाठी मधे सरकलेली असते आणि तिची प्रतिस्पर्धी डावीकडे मोकळी. आता ती सवयीने रिंगखाली धावते. बॉल तिच्या डोक्यावरून जातो आणि मागून आलेली मुलगी तो सहज उचलते.

तिने करायचे ते उलटे. शॉट सुटताच नजर बॉलवरून काढून आपली मुलगी शोधायची, दोन पावले बाहेर तिच्याकडे जायचे आणि हात दुमडून तिला अडवायचे. मग एका पायावर वळून पाठ तिच्याकडे करायची. पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे वाकलेले, कंबर खाली. ती डावीकडून जाते की उजवीकडून, हे पाठीला कळते. तसे छोट्या पावलांनी सरकायचे. डोळे आता बॉलवर. रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळ आखलेला असेल, तर हे सगळे त्याच्या बाहेरच घडले पाहिजे.

फाउल होतो तो दोन चुकांमुळे. एक, हात मागे नेऊन तिला कवटाळणे. दुसरी, पार्श्वभागाने तिला मागे रेटत नेणे. मिळवलेल्या जागेवर ठाम उभे राहता येते, पण तिला ढकलून हलवता येत नाही. मागच्या मुलीने पाठीवरून चढून बॉल घेतला आणि त्यात धक्का लागला, तर फाउल तिचा.

मात्र, मुलगी दूर उभी आहे आणि रिबाउंडला येतच नाही, तर तिच्यामागे जाण्यात अर्थ नाही. एक नजर टाकून थेट बॉल गाठावा.

उंचीचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही, पण एनबीएत १९९१-९२ पासून सलग सात हंगाम रिबाउंडच्या सरासरीत पहिला राहिलेला डेनिस रॉडमन २.०१ मीटरचा होता. त्या लीगच्या मोठ्या सेंटर्सपुढे तो बुटकाच. कुणाचा शॉट रिंगवर लागून कुठे उडतो, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता.

सरावाला रिंगही लागत नाही. मधल्या वर्तुळात बॉल जमिनीवर ठेवायचा. एक मुलगी वर्तुळाच्या रेषेवर, दुसरी तिच्यासमोर बाहेर. शिट्टी वाजली की बाहेरच्या मुलीने बॉलला हात लावायचा आणि आतलीने तिला पाच सेकंद रोखायचे. बॉलकडे बघत राहिलेली मुलगी इथे दुसऱ्याच सेकंदाला हरते आणि का हरली, हे तिला कुणी सांगावे लागत नाही.