टक्केवारीच्या आधीचा मजकूर

सकाळी १०.००

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या साम्यतपासणीचं काम माझ्याकडे आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर होण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून जातो, अहवाल निघतो आणि अहवालावर माझी सही लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर थांबावं लागतं आणि त्याहीपुढे नोंदणीच रद्द होते. कुणाची चार-पाच वर्षांची मेहनत अशी एका आकड्यावर येऊन थांबते, म्हणून तो आकडा बघण्याआधी मी तो कशावरून निघाला हे बघते.

सॉफ्टवेअर पान बघत नाही. पीडीएफमधून जो मजकूर बाहेर निघतो, तेवढाच त्याला दिसतो. आणि पीडीएफ ही मुळात छपाईची फाइल आहे. खिळे जुळवणाऱ्याने कुठला खिळा कुठे बसवायचा एवढंच ध्यानात ठेवावं, तसं तिच्यात कुठलं अक्षरचित्र पानावर कुठल्या जागी उमटवायचं याची नोंद असते. त्या चित्राचा अर्थ कुठलं अक्षर, हे सांगणारा तक्ता वेगळा असतो. तो तक्ता चुकीचा असला किंवा नसलाच, तरी पान देखणं दिसतं.

म्हणून प्रत्येक फाइल आली की आधी एवढं करते:

```
pdffonts prabandh.pdf
pdftotext prabandh.pdf prabandh.txt
wc -w prabandh.txt
```

पहिल्या ओळीने फाइलमधले फॉन्ट कळतात, दुसरीने मजकूर वेगळा निघतो, तिसरी शब्द मोजते. मग ती टेक्स्ट फाइल उघडून मधलीच चार-पाच पानं छापील पानाशेजारी ठेवून वाचते.

१०.३०

अर्थशास्त्राचा मराठी प्रबंध, विषय महिला बचत गट. संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक दोघेही आले आहेत. अहवाल विभागातूनच काढून आणलाय, साम्य शून्य टक्के.

"मॅडम, शून्य आलंय. तेवढी सही झाली की आज जमा करून टाकतो."

मी सरांना खुर्ची देते आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. अडीचशे पानांच्या मराठी प्रबंधात शून्य टक्के म्हणजे शंकेचीच गोष्ट. योजनांची नावं, कायद्यांतली वाक्यं, व्याख्या, काही ना काही जुळायला हवंच. टेक्स्ट फाइल उघडली आणि कारण समोर आलं. छापील पानावर जिथे 'मराठी आणि' आहे, तिथे फाइलमध्ये `ejkBh vkf.k` आहे. पानामागून पान असंच.

प्रबंध कृती देव फॉन्टमध्ये टाइप केला होता. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. टाइप होतं e, दिसतो म. पीडीएफमधला तक्तासुद्धा इमानाने e असंच सांगतो, त्यामुळे `pdffonts` च्या यादीत `uni` खाली `yes` आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. सॉफ्टवेअरने हा सगळा मजकूर कुठल्या तरी अनोळखी भाषेतला समजून शोधला आणि त्याला काही सापडलं नाही. शून्याचा अर्थ इथे 'साम्य नाही' असा नसून 'वाचलंच नाही' असा आहे.

सरांनी योग्य प्रश्न विचारला: "मग याच फॉन्टमधल्या दुसऱ्या प्रबंधातून उचललं असतं तर?" तर कदाचित पकडलं गेलं असतं. तो जुना प्रबंधही साठ्यात अशाच सांकेतिक रूपात गेला असेल, तर दोन्हीकडची `ejkBh` एकमेकींशी जुळतात. पण युनिकोडमधल्या संकेतस्थळांशी, शासकीय परिपत्रकांशी, नव्या प्रबंधांशी तुलना होत नाही ती नाहीच.

विद्यार्थिनी घाबरली होती. तिने काही लपवलं नव्हतं. गावातल्या टायपिंगवाल्याकडे जो फॉन्ट होता त्यात तिने काम करून घेतलं, इतकंच. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं आणि दुसरं प्रकरण इथेच बसून युनिकोडमध्ये बदलायला दिलं.

११.४५

प्रकरण बदलून झालं. तिने त्याची पुन्हा पीडीएफ केली, कारण 'पीडीएफच द्यायची असते' असं सगळ्यांना वाटतं. आता टेक्स्ट फाइलमध्ये देवनागरी आली आहे, पण अशी:

`िजल्ह्यातील मिहला बचत गटांनी घेतलेल्या कर्जाची परतफेड िनयिमत होते असे िदसते`

ऱ्हस्व वेलांटी पानावर अक्षराच्या आधी दिसते, युनिकोडमध्ये मात्र ती अक्षराच्या नंतर साठवतात. पीडीएफमध्ये चित्रांचा क्रम पानावरचा असतो. मजकूर बाहेर काढणाऱ्याने तो परत भाषेच्या क्रमात लावला नाही, तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. अकरा शब्दांच्या या वाक्यात 'जिल्ह्यातील', 'महिला', 'नियमित' आणि 'दिसते' असे चार शब्द मोडले. अखंड राहिलेला सर्वांत लांब तुकडा 'बचत' पासून 'परतफेड' पर्यंत, फक्त पाच शब्दांचा. मराठीत वेलांटी चुकवून वाक्य लिहिणं अवघड, त्यामुळे अख्ख्या प्रबंधभर हीच गत होते. काही फायलींत जोडाक्षरंही गळतात.

उपाय साधा आहे. पीडीएफ ग्रंथालयाच्या साठ्यासाठी ठेवायची, तपासणीला मूळ वर्ड फाइल द्यायची. तिचं तेच प्रकरण वर्डमधून तपासलं, तेव्हा साम्य दिसू लागलं: बचत गटांच्या योजनेवरच्या एका शासकीय परिपत्रकातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा आला होता. संदर्भ दिला होता, अवतरणचिन्हं नव्हती. ती घालायला अर्धा दिवस पुरेल. हीच गोष्ट प्रबंध जमा झाल्यावर परीक्षकाने काढली असती तर प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं.

दुपारी १.००

डबा. त्यानंतर फोनवर तीन विभागांना एकच उत्तर: हो, वर्ड फाइलही लागेल.

१.४५

इंग्रजीतला प्रबंध, समाजशास्त्र. एक प्रकरण नियतकालिकात छापून आलेला लेख आहे आणि तो दोन स्तंभांच्या मांडणीसह जसाच्या तसा जोडला आहे. अरुंद स्तंभात ओळ भरायची म्हणून शब्द तोडलेले आहेत: ओळीच्या शेवटी `educa-` आणि पुढच्या ओळीत `tion`. वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. सॉफ्टवेअरला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात, आणि दोन्ही निरर्थक.

याचा परिणाम केवढा, ते हिशेब मांडला की कळतं. समजा तपासणी आठ-आठ शब्दांच्या सरकत्या तुकड्यांनी होते: पहिला ते आठवा शब्द, मग दुसरा ते नववा, असं. स्तंभात ओळीला सात शब्द आणि दर तिसऱ्या ओळीला एक शब्द तुटलेला, म्हणजे एकवीस शब्दांत एक. तो एक शब्द ज्या आठ तुकड्यांत येतो ते आठही बिघडतात. एकवीसपैकी तेरा उरतात. पूर्ण नक्कल केलेला मजकूरसुद्धा असा साठएक टक्केच जुळतो. दर दुसऱ्या ओळीला शब्द तुटला, तर चौदापैकी सहाच उरतात. प्रत्यक्षात बरीच सॉफ्टवेअर जवळजवळचे जुळलेले तुकडे सांधून घेतात, त्यामुळे घट इतकी होत नाही, पण होते.

ओळीच्या शेवटची रेघ सरसकट काढून शब्द जोडून टाकणं हाही इलाज नाही. `socio-` आणि `economic` यांच्यातली रेघ खरीच असू शकते. जोडल्यावर `socioeconomic` झालं आणि मूळ लेखात रेघ असली, तर तिथे पुन्हा जुळत नाही. शिवाय वर्डमधली ऐच्छिक रेघ, युनिकोडमध्ये U+00AD, ओळीच्या मध्ये आली की दिसतच नाही, तरीही शब्दाच्या पोटात बसून राहते.

याच फाइलमध्ये उलटा प्रकारही निघाला, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण त्यात प्रामाणिक माणूस भरडला जातो. अहवाल २१ टक्के दाखवत होता. नियमावलीप्रमाणे संदर्भसूची साम्यातून वगळायची असते आणि सॉफ्टवेअर ती सुरू झाल्याचं मथळ्यावरून ओळखतं. मुखपृष्ठापासून सगळे मथळे शोभेसाठी अक्षरांत अंतर सोडून टाइप केले होते, म्हणून टेक्स्टमध्ये आलं `R E F E R E N C E S`. एकेरी अक्षरांची ती रांग सॉफ्टवेअरला मथळा वाटली नाही, आणि चाळीस पानांची सूची साम्यात मोजली गेली. मथळा नीट टाइप करून पुन्हा तपासलं, तर ८ टक्के. प्रबंधातला एकही विचार बदलला नव्हता.

३.१५

एक जुना, स्कॅन केलेला प्रबंध तुलनेसाठी मागवला होता. त्यात पानाच्या चित्रामागे अदृश्य मजकुराचा थर आहे. हा थर फसवणुकीचा नाही. ओसीआर केलं की ओळखलेली अक्षरं न दिसणाऱ्या पद्धतीने चित्राखाली ठेवतात, म्हणजे शोध घेता येतो. अदृश्य मजकूर सापडला म्हणून कुणावर बोट दाखवायचं नाही, हे मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. मराठीत तर 'दर्‍या' सारख्या शब्दात रफार न होता अर्धा र टिकावा म्हणून न दिसणारं जोडचिन्ह, U+200D, काही जण रीतसर टाइप करतात. अदृश्य चिन्हांवर लाल खूण करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक असेलच असं नाही.

बघायचं एवढंच असतं, की लपलेला मजकूर आणि पानावरचा मजकूर एकच आहे का.

३.४०

इथे ते एक नाहीत. व्यवस्थापनशास्त्राचा प्रबंध, साम्य ६ टक्के. अहवालात मात्र चौथ्या प्रकरणाचा बराच भाग 'अवतरण' म्हणून वगळलेला दिसतोय, आणि छापील पानावर अवतरणचिन्ह एकही नाही. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडला. परिच्छेदाच्या आरंभी आणि शेवटी रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर निळा पट्टा उमटला. तेवढाच तुकडा नोटपॅडमध्ये चिकटवला, रंग गेला आणि चिन्हं दिसली: `“` आणि `”`. पांढऱ्या रंगात, एक पॉइंट आकारात. पुढच्या परिच्छेदालाही तसंच.

अवतरणं वगळण्याची सोय बंद करून पुन्हा तपासलं. आकडा ३४ वर गेला.

फॉन्टची चूक अजाणता होते, शब्द मांडणीमुळे तुटतात. पण निवडक परिच्छेदांनाच दोन्ही बाजूंनी पांढरी चिन्हं आपोआप लागत नाहीत. तरीही हे कुणी केलं, विद्यार्थ्याने की पैसे घेऊन 'टक्केवारी कमी करून देणाऱ्या' एखाद्या दुकानाने, हे मला फाइलवरून कळत नाही, म्हणून मी ते लिहीतही नाही. विभागाच्या समितीसाठी टिपण केलं: पान क्रमांक, निवडलेल्या मजकुराची स्क्रीनप्रत, चिन्हांचा रंग आणि आकार, दोन्ही सेटिंगचे दोन अहवाल. मूळ फाइल हात न लावता वेगळी जपून ठेवली. विद्यार्थ्याला त्याची बाजू मांडायची संधी समिती देईल.

५.१०

बचत गटाच्या प्रबंधाची सुधारित वर्ड फाइल ई-मेलवर आली. फक्त दुसरंच प्रकरण युनिकोडमध्ये आहे, बाकीची अजून `ejkBh` मध्येच. तिला फोन केला: "घाई करू नकोस. सगळी प्रकरणं बदल, बदलल्यावर शुद्धलेखन स्वतः वाच, कारण बदलताना जोडाक्षरं बिघडतात. तक्त्यांतले आकडेही बघ, या फॉन्टमधून बदलताना चिन्हं आणि अंक हलतात." शुक्रवारची वेळ ठरली. जुना शून्य टक्क्यांचा अहवाल नोंदवहीत रद्द केला आणि शेऱ्यात कारण लिहिलं: मजकूर वाचला गेला नाही.