आठ मार्चची पाटी आणि जिनिंगमधली बाई

परभणी जिल्ह्यातलं झरी कापसाच्या पट्ट्यात येतं. इकडे कारखाना म्हटला की आधी जिनिंग डोळ्यांसमोर येतं. आठ मार्चला कापसाचा हंगाम उताराला लागलेला असतो आणि फाटकावर फलक लागतो: ‘नारीशक्तीला सलाम’. हाच फलक बँकेत लावला तरी चालेल. मग जिनिंगमधल्या बाईला त्यात काय मिळालं?

तिच्या कामाकडे बघा. आलेल्या कपाशीत पालापाचोळा असतोच, शिवाय पोत्याची सुतळी, प्लास्टिकचे तुकडे, केस, पिसं. ती हे हातानं वेचते. पाला यंत्रात बराचसा झडतो; प्लास्टिक मात्र चिरडून, तंतू होऊन रुईत शिरतं आणि पुढे सुतातही जातं. कापड रंगवताना त्या तंतूला रंग धरत नाही आणि डाग उमटतो. तो दिसेपर्यंत १७० किलोची गाठ कधीच विकली गेलेली असते. म्हणजे मालाची प्रत तिच्या नजरेवर उभी आहे. घोषणा यातूनच निघावी:

‘तिनं टिपला प्लास्टिकचा धागा, कापडावर उरली नाही डागाला जागा.’

यमक साधं आहे, पण ते फक्त तिचंच आहे; ही पहिली कसोटी. पाळी बदलताना मोठ्यानं म्हणून पाहा. जीभ अडखळली तर शब्द कमी करा.

दुसरी कसोटी अवघड आहे. घोषणेमागे सोय हवी. १९४८च्या कारखाना कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर यंत्र चालू असेल तिथं बायकांना कामाला मनाई केली. यंत्राचं तोंड छतापर्यंतच्या भिंतीनं वेगळं केलं, तरच त्या बाजूला सूट. पोर कापसाच्या ढिगाजवळ झोपलेलं असताना ‘मातृत्वाला वंदन’ लिहिलं, तर बायका एकमेकींकडे बघून हसतील. आणि बरोबरच हसतील.

छापलेली ओळ दार बंदही करते. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या पुण्याच्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीची जुळणी करणारी फक्त महिलांची असेंब्ली लाइन आहे. कुठल्या फलकानं नव्हे, भरतीचा नियम बदलल्यानं हे घडलं.

म्हणून कारखानदारांना एवढंच सांगणं: यंदा घोषणा बायकांनाच विचारून लिहा, फलक फाटकाऐवजी त्या बसतात तिथल्या भिंतीवर लावा, आणि आधी पाळणाघराचं बघा.