दिवेलागणीचे दोन तास

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता पुण्यातल्या एका टेस्टरने आमच्या टीमच्या चॅटवर एक साधा प्रश्न टाकला. पावतीवर परताव्याची रक्कम कर धरून दाखवायची की कर वगळून? उत्तर देणारी बाई न्यू जर्सीत. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी नऊला ती कामाला बसली तेव्हा पुण्यात साडेसहा झाले होते आणि टेस्टर लॅपटॉप मिटून उठला होता. तिने उलट विचारलं, "कोणता ग्राहक, घाऊक की किरकोळ?" हा प्रश्न पुण्यात वाचला गेला बुधवारी सकाळी दहाला. "किरकोळ", एवढं एका शब्दाचं उत्तर पाच मिनिटांत गेलं आणि न्यू जर्सी जागी होईपर्यंत पडून राहिलं. तिचा निर्णय आमच्या हाती आला गुरुवारी सकाळी दहाला. तीन ओळींच्या संभाषणाला साडेशेहेचाळीस तास लागले. समोरासमोर बसले असते तर दोन मिनिटं लागली नसती.

कोणी आळशी नव्हतं. प्रत्येकाने प्रश्न दिसल्याबरोबर उत्तर दिलं होतं. म्हणूनच 'सगळ्यांनी जरा लवकर उत्तरं द्या' या सूचनेचा उपयोग होत नाही.

आम्ही नऊजण होतो. चार पुण्यात, दोन बर्लिनला, तीन न्यू जर्सीत. सगळे घरून काम करणारे. पुण्याचा दिवस दहा ते साडेसहा, बाकी दोघांचा आपापल्या गावच्या घड्याळाने नऊ ते सहा. उन्हाळ्यात बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा. पुणे आणि बर्लिन दिवसातले सहा तास एकाच वेळी कामावर असतात. बर्लिन आणि न्यू जर्सीचेही तीन तास जुळतात. पुणे आणि न्यू जर्सीचं एक मिनिटही जुळत नाही. आपण उठतो त्याच क्षणी ते बसतात. नऊजणांच्या टीमचं दुखणं खरं तर या एकाच जोडीत होतं, आणि ते कळल्यावर उपायही सुचला: दोन तास असे ठरवायचे की त्या वेळात तिन्ही गावं जागी, कामावर आणि हाकेच्या अंतरावर असतील. आयटीतली मंडळी याला ओव्हरलॅप म्हणतात.

प्रस्ताव लिहिण्याआधी मी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवल्या. प्रश्न कधी विचारला आणि कामाला लावता येईल असं उत्तर कधी आलं, एवढंच. 'बघते' किंवा अंगठ्याचं चिन्ह हे उत्तर धरलं नाही. हे करणं भाग असतं, कारण ओव्हरलॅप मागणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त आणखी एक मीटिंग हवी असते, असा सगळ्यांना रास्त संशय असतो. वही समोर ठेवली की दिसतं की रखडलेले प्रश्न कोणत्या दोन गावांमधले आहेत आणि त्यांतले किती खरोखर बोलूनच सुटणारे होते. काही प्रश्न नीट लिहिले असते तर पहिल्याच फेरीत सुटले असते. वरच्या प्रश्नात 'किरकोळ ग्राहक' हे दोन शब्द असते तर एक अख्खा दिवस वाचला असता. त्यासाठी ओव्हरलॅप लागत नाही.

आता वेळ कोणती? आम्ही ठरवली ती संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, भारतीय वेळ. उन्हाळ्यात ते बर्लिनचे दुपारचे तीन ते पाच आणि न्यू जर्सीचे सकाळचे नऊ ते अकरा होतात. पुण्याला ही ऐन दिवेलागणीची वेळ. मुलांचे क्लास, देवापुढचा दिवा, स्वयंपाकाच्या मावशींची येण्याची वेळ, सगळं त्यातच. तरीही तीच निवडली, कारण न्यू जर्सीला पहाटे उठवण्यापेक्षा पुण्याने दोन तास पुढे सरकणं कमी त्रासाचं होतं. पण सरकणं म्हणजे सरकणंच. दहा ते साडेसहा करून वर साडेआठपर्यंत बसणं नव्हे. प्रस्तावातलं पहिलं कलम हेच होतं की पुण्याचा दिवस दुपारी बाराला सुरू होईल, किंवा ज्याला सकाळी काम आवडतं त्याने दहाला बसावं आणि साडेचार ते साडेसहा सुट्टी घ्यावी. दोन्हीत तास तेवढेच. आणि बाराच्या आत पुण्यातल्या कोणाला मीटिंगला बोलवायचं नाही. हे कलम नसेल तर ओव्हरलॅप म्हणजे बिनपगारी दोन तास, आणि महिन्याभरात लोक कॅमेरा बंद करून भाजी निवडत बसतात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मात्र एका अगदी तांत्रिक मुद्द्यावर: ही वेळ कोणाच्या घड्याळाला बांधायची?

अमेरिका आणि युरोप उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, पण एकाच दिवशी नाही. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतं, युरोपात शेवटच्या. परत मागे करताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. २०२६चं बघा. अमेरिका ८ मार्चला बदलली, युरोप २९ मार्चला. मधले तीन आठवडे बर्लिन आणि न्यू जर्सीतलं अंतर सहाऐवजी पाच तासांचं. आमची मीटिंग आधी न्यू जर्सीच्या सकाळी नऊला बांधलेली असायची. अशा मार्चमध्ये बर्लिनच्या लोकांना ती तीनऐवजी दोनला यायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तीनला जायची, त्यांनी स्वतः काहीच न करता. पुण्यात साडेसातची साडेसहा व्हायची. दर वर्षी मार्चमध्ये कोणी ना कोणी एक तास आधी किंवा उशिरा येऊन रिकाम्या खोलीत बसायचं.

भारत घड्याळ हलवतच नाही. (वेळ ठरवण्याच्या बाबतीत आपण पूर्वी इतके समजूतदार नव्हतो. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपला एकोणचाळीस मिनिटं मागचा 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडला नाही.) म्हणून ओव्हरलॅप भारतीय वेळेला बांधला की प्रत्येक गावाला बदल जाणवतो तो फक्त त्याने स्वतःचं घड्याळ फिरवलं त्याच दिवशी. दुसऱ्याच्या घड्याळापायी कोणाचा दिवस हलत नाही. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग बनवणाऱ्याचा टाइम झोन आपोआप लागतो, तेव्हा तो बदलून मुद्दाम `Asia/Kolkata` निवडावा लागतो. ही एक ओळ आम्ही प्रस्तावात ठळक टाकली होती.

याची किंमत हिवाळ्यात न्यू जर्सी मोजते. नोव्हेंबर ते मार्च आपले साडेसहा म्हणजे त्यांचे सकाळचे आठ. तिथल्या एका सहकाऱ्याने लगेच सांगितलं की आठ वाजता तो मुलीला स्कूलबसपर्यंत सोडायला जातो. हे बोलणं बरोबर होतं. मग आम्ही दोन तासांचे भाग केले. मीटिंग असलीच तर सात ते पावणेआठ याच वेळात घ्यायची. पहिली तीस आणि शेवटची पंचेचाळीस मिनिटं मोकळी: कामावर असायचं, चॅट उघडं ठेवायचं, कोणी हाक मारली तर ओ द्यायची. हिवाळ्यात न्यू जर्सी साडेआठला आली तरी चालतं, म्हणजे तेव्हा आपले सात. बर्लिनला दुपारचे अडीच असतात, त्यांची काही तक्रार नसते.

ही मोकळी वेळ खरी कामाची. परताव्याचा तो प्रश्न मीटिंगमध्ये सुटला नसता, कारण त्याच्यासाठी मीटिंग कोणी बोलावलीच नसती. तो सव्वाआठला दोन ओळींत सुटतो. म्हणून बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. कॅलेंडर उघडा. दोन्ही तास रंगीत चौकोनांनी भरले असतील तर ओव्हरलॅप संपला, मीटिंगचा मोसम सुरू झाला.

सवलतीचे नियम आम्ही मोजके ठेवले. ओव्हरलॅप सोमवार ते गुरुवार, शुक्रवारी नाही. महिन्यातून दोनदा कोणीही कारण न सांगता गैरहजर राहू शकतो, फक्त पुण्याच्या दुपारी दोनपर्यंत चॅटवर कळवायचं आणि आपलं काय अडलंय ते चार ओळींत लिहून ठेवायचं. पश्चिमेकडची मंडळी झोपेतून उठतील तेव्हा त्यांना ते वाचायला मिळतं. कारण न विचारणं महत्त्वाचं होतं. गणपतीत घरी आरती आहे हे सांगायला लाजणारी माणसं 'नेटवर्क नव्हतं' म्हणतात, आणि मग नेटवर्क खरंच जातं तेव्हाही कोणी विश्वास ठेवत नाही. तिन्हींपैकी कोणत्याही गावाची सार्वजनिक सुट्टी असेल त्या दिवशी तिथल्यांना ओव्हरलॅप नाही, उरलेल्यांनी काही ठरवलं तर ते लिहून ठेवायचं.

एकाने सुचवलं होतं की त्रास सगळ्यांना सारखा वाटायला वेळ दर महिन्याला फिरती ठेवावी. ऐकायला न्याय्य वाटतं. पण घरचा कारभार महिन्यामहिन्याला फिरत नाही. मावशींची वेळ, मुलाचा तबल्याचा क्लास, सासूबाईंची औषधं ही एकदाच जुळवता येतात. फिरती वेळ मी राखून ठेवेन ती अशा टीमसाठी, जिथे कोणाला तरी रात्री बसावंच लागतं. टीममधला एकजण सॅन फ्रान्सिस्कोला असता तर आपले साडेसहा त्याच्या उन्हाळ्यात पहाटेचे सहा आणि हिवाळ्यात पाच झाले असते. तिथे ही सगळी मांडणीच कोसळते. मग सगळ्यांचा एक ओव्हरलॅप हा हट्ट सोडून जोड्या लावाव्यात: पुणे–बर्लिन, बर्लिन–न्यू जर्सी, न्यू जर्सी–सॅन फ्रान्सिस्को, आणि मधल्या माणसाने निरोप पोचवावा. तो निरोप्या लवकर थकतो, हेही धरून चालावं.

प्रस्ताव आठ आठवड्यांसाठी होता, संपण्याची तारीख वरच लिहिलेली. त्या तारखेला पुन्हा दोन आठवडे तीच वही ठेवायची आणि रखडलेले प्रश्न कमी झाले नसतील तर पुण्याचे दोन तास परत करायचे, असं ठरलं. वहीत प्रश्न कमी झाले, पण एक नवी गळती दिसली. पुणे साडेआठला उठायचं आणि चालू मीटिंग बर्लिन आणि न्यू जर्सीची माणसं पुढे नेत असत. खरे निर्णय त्या उरलेल्या वीस मिनिटांत व्हायचे आणि आम्हाला सकाळी कळायचे.

त्यावर एकच कलम वाढवलं. साडेआठनंतर ठरलेलं काहीही दुसऱ्या दिवशी पुण्याच्या दुपारी तीनपर्यंत कच्चं धरायचं, आणि तोवर पुण्यातल्या कोणीही त्यावर हरकत घेऊ शकतो. पहिल्या आठवड्यात तीनदा हरकत घेतली गेली. त्यानंतर बर्लिनची मंडळीच आठ पंचवीसला घड्याळाकडे बघू लागली.