हसू नेमकं कशाचं?

नाटकाच्या परीक्षणात 'धमाल, खुसखुशीत आणि हास्यस्फोटक' अशी विशेषणं एका दमात येतात, तेव्हा वाचकाला नाटकाविषयी फारसं काही कळत नाही. खुसखुशीत संवादांवर माणूस गालातल्या गालात हसतो. हास्यस्फोटक प्रसंगात हशा ओसरेपर्यंत नटाला पुढचं वाक्य रोखून धरावं लागतं. दोन्ही एका नाटकात असू शकतात, पण मग कोणतं कुठे, हे समीक्षकाने सांगायला हवं.

आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' घ्या. ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी फार्सवरून ते बेतलेलं आहे. एका तरुणाला मावशीचं सोंग घ्यावं लागतं आणि तिच्यावर भाळणारे पुरुषही निघतात. इथलं हसू मुख्यतः घोटाळ्यातून येतं. सोंग उघडं पडेल की काय, या धाकधुकीतून ते वाढत जातं. म्हणून 'फार्सिकल', 'धमाल' हे शब्द इथे शोभतात. पण विजय चव्हाणांची मावशी आठवली की नुसता घोटाळा पुरत नाही. चाल, मुरका, आवाज हे सगळं नटाचं आहे. त्यासाठी वेगळं वाक्य खर्च करायला हवं.

पुलंच्या 'तुझे आहे तुजपाशी'मधल्या काकाजींना मात्र 'धमाल' म्हणणं अन्यायाचं होईल. ते मिश्कील आहेत. त्यांचा विनोद समोरच्याला न दुखवता त्याचा ताठा उतरवतो. मिश्कील माणूस स्वतः फारसा हसत नाही, हे त्या शब्दातच आहे.

ओळखायचं कसं? घरी येऊन नाटकातलं वाक्य सांगावं. तेवढ्यावरच कुणी हसलं, तर संवाद चुरचुरीत, लेखक हजरजबाबी. आधी कोण कुणाच्या खोलीत कसा अडकला ते सांगावं लागलं, तर विनोद प्रसंगनिष्ठ. आणि सगळं सांगूनही कुणी हसलं नाही, पण नाट्यगृहात आपण मनापासून हसलो होतो, तर श्रेय नटाचं.

एक शब्द फार जपून वापरावा: हास्यास्पद. तो कौतुकाचा नाही. 'तिसरा प्रवेश हास्यास्पद झाला' म्हणजे तो फसला.

हसण्याच्या मोजमापाची सोय आपल्याकडे जुनी आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात माणूस कुशी धरतो. हे शब्द परीक्षणात वापरावेत असं नाही, पण ही चढण मनात ठेवून लिहिलं तर वाक्य बदलतं. 'नाटक धमाल विनोदी आहे' याऐवजी असं लिहिता येतं: 'पहिल्या अंकात मिश्कील संवाद ओठांवर हसू ठेवतात, दुसऱ्यात घोटाळे वाढतात आणि नाट्यगृह खदखदतं, शेवटी मात्र तेच घोटाळे पुन्हा येतात आणि हशा विरळ होतो.' एवढं वाचून तिकीट काढायचं की नाही, हे वाचक ठरवू शकतो.